टाइट्स सैल का पडतात : कॉम्प्रेशन कापड ओळखायचं, मापायचं आणि टिकवायचं कसं

माझी भाची अर्ध मॅरेथॉनची तयारी करते. परवा ती काळी रनिंग टाइट्स घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, आठच महिने झालेत गं. कुठे फाटली नाही, रंग गेला नाही, पण आता पोटरीला धरतच नाही. धावताना सारखी वर ओढावी लागते."

मी खेळाच्या कपड्यांचं कापड तपासायचं काम करते, त्यामुळे घरात नवी टाइट्स आली की मापून वहीत लिहून ठेवायची मला सवय आहे. हिची टाइट्स नवी होती तेव्हा जमिनीवर सपाट पसरल्यावर पोटरीच्या सगळ्यात रुंद भागाची रुंदी १४ सेंटीमीटर होती. परवा मापली तेव्हा १५ भरली. "एकच सेंटीमीटर तर वाढलंय," ती म्हणाली. त्या एका सेंटीमीटरने किती नुकसान केलंय ते पुढे हिशेब करून दाखवते. आधी कापड पकडतं कशाच्या जोरावर, हे समजून घेऊ. ते कळलं की खरेदी, धुणं आणि वाळवणं यांतल्या प्रत्येक गोष्टीचं कारण आपोआप कळतं.

पकड येते कुठून

घागऱ्याच्या नेफ्यात इलॅस्टिक घालताना आपण ते ताणून शिवतो. हात सोडला की इलॅस्टिक आखडतं आणि कापडाला चुण्या पडतात. कॉम्प्रेशन कापडात, म्हणजे अंगाला दाबून धरणाऱ्या कापडात, हेच घडतं, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक पातळीवर. यंत्रावर नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या धाग्यासोबत एक अगदी बारीक रबरासारखा धागा सुईत जातो. तो जाताना मूळ लांबीच्या साधारण अडीच ते साडेतीन पट ताणलेला असतो. कापड यंत्रावरून उतरलं की तो आखडतो, टाके एकमेकांजवळ ओढले जातात आणि कापड दाट, जाड आणि लवचीक होतं.

या धाग्याला इलास्टेन म्हणतात. स्पँडेक्स हे त्याचंच दुसरं नाव, आणि लायक्रा हे एका ब्रँडचं नाव. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तो तयार केला. रसायनाच्या भाषेत ते पॉलियुरेथेन आहे. त्याच्या साखळीत दोन प्रकारचे तुकडे आलटून पालटून येतात. मऊ तुकडे गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे असतात. ओढले की सरळ होतात, सोडले की पुन्हा गुंडाळतात. कडक तुकडे शेजारच्या साखळ्यांच्या कडक तुकड्यांना धरून बसतात आणि गाठीसारखं काम करतात. मऊ तुकड्यांमुळे धागा ताणतो, कडक गाठींमुळे तो परत येतो. या गाठी सरकल्या, सुटल्या किंवा साखळी मधेच तुटली, की धागा पूर्ण मागे येत नाही. टाइट्स सैल पडते त्याचं मूळ इथे आहे.

पहिली पायरी : लेबल वाचा, पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका

लेबलवर "नायलॉन ८०%, इलास्टेन २०%" असं काहीतरी असतं. हे टक्के वजनाचे असतात, म्हणून ते कापडाच्या जाडीसोबत वाचायला हवेत. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. समजा, एक कापड १६० जीएसएमचं आहे आणि त्यात २०% इलास्टेन आहे. म्हणजे चौरस मीटरमध्ये ३२ ग्रॅम इलास्टेन. दुसरं २८० जीएसएमचं आहे आणि त्यात १५%. तिथे ४२ ग्रॅम भरतं. लेबलवर आकडा कमी, पण कापडात इलास्टेन जास्त. दुकानात जीएसएम लिहिलेला नसतो, पण दोन टाइट्स दोन हातांत घेतल्या की वजनातला फरक कळतो. माझा अनुभव असा की १५ ते २५% इलास्टेन आणि हाताला भरीव लागणारं कापड असेल तरच पोटरीला खरी पकड मिळते. ९५% कॉटन आणि ५% लायक्रा असलेल्या लेगिंग्ज रोजच्या वापराला छान असतात. पण कॉटन घाम धरून ठेवतं, ओलं झालं की जड होतं, आणि एकदा ताणलं की स्वतःहून मागे येत नाही. पाच टक्के इलास्टेनला ते सगळं ओझं एकट्याने मागे ओढावं लागतं.

नायलॉन घ्यायचं की पॉलिस्टर, हा प्रश्न बरेच जण विचारतात. नायलॉन मऊ असतं, घासलं जाणं चांगलं सोसतं आणि ताणून सोडल्यावर पॉलिस्टरपेक्षा चांगलं मागे येतं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे लवकर वाळतं, त्यावर छपाई चांगली बसते आणि ते स्वस्तही पडतं. एक गोष्ट मात्र लेबलवर कुणी लिहीत नाही. पॉलिस्टरला गडद रंग चढवायला साधारण १३० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता लागते. तेवढी उष्णता इलास्टेनला मानवत नाही. रंगाईत काळजी घेतली नसेल तर टाइट्स दुकानात येण्याआधीच तिचा थोडा जोर गेलेला असतो. नायलॉन त्याहून बऱ्याच कमी उष्णतेत, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास रंगतं. म्हणून घट्ट पकडीची टाइट्स हवी असेल तर मी नायलॉनचीच घ्यायला सांगते.

दुसरी पायरी : वीण बघा

मोबाइलचा कॅमेरा कापडाजवळ नेऊन झूम करा. स्वेटर विणणाऱ्यांना लगेच ओळखू येईल असे टाके दिसतील. एका बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखे सुलट टाके आणि दुसऱ्या बाजूला आडवे अर्धगोल उलट टाके असतील, तर ते साधं एकेरी जर्सी कापड. त्याची कापलेली कड गुंडाळी होते. दोन्ही बाजूंना सुलट टाके दिसत असतील तर ते इंटरलॉक. ते जाड असतं, त्याची कड सपाट राहते आणि अंगावर ते जास्त स्थिर बसतं. समोर बारीक उभ्या ओळी आणि मागे नागमोडी धागे दिसत असतील तर ते ट्रायकोट. यात प्रत्येक धागा शेजारच्या ओळींत गुंतत जातो, त्यामुळे एक धागा तुटला तरी मोज्यासारखी शिडी पडत नाही.

प्रकारापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे टाका किती लहान आहे. सैल विणीत टाक्यांना एकमेकांवरून सरकायला जागा असते. अशा कापडात टाके आधी सरकतात आणि मग ताणतात, आणि सोडल्यावर सरकलेला टाका मूळ जागी येईलच असं नाही. घट्ट विणीत एका सेंटीमीटरमध्ये जास्त ओळी बसतात, म्हणजे इलास्टेनचे धागेही जास्त येतात आणि ओढ तितक्या धाग्यांत वाटली जाते. शिवाय काही कापडांत इलास्टेन प्रत्येक ओळीत घालतात आणि काहींत एक ओळ सोडून. दुसरा प्रकार हलका आणि स्वस्त असतो, पण पकडही तशीच हलकी. अति घट्ट वीणही चांगली नसते. धागे एकमेकांना इतके घासतात की ताणायला जोर जास्त लागतो आणि परत येताना तो अंतर्गत घर्षणातच जिरतो. अशी टाइट्स चढवतानाच दमछाक होते.

तिसरी पायरी : दुकानातच हाताने तपासा

मांडीच्या मागच्या भागात आडव्या दिशेने दोन्ही हातांच्या चिमटीत साधारण १० सेंटीमीटर कापड धरा. ते १५ सेंटीमीटरपर्यंत ताणा, मनात दहा मोजा आणि सोडा. लगेच बघा. कापड सपाट बसलं की चिमटीच्या जागी फुगीर राहिलं? क्षणभर फुगवटा दिसून विरला तर ठीक. तो तसाच राहिला तर ते कापड गुडघ्यावर दोन-तीन महिन्यांत फुगा धरणार. हीच चाचणी उभ्या दिशेनेही करा, कारण खाली बसताना गुडघा कापडाला उभंच ओढतो.

ताणलेलं असतानाच त्याखाली मोबाइलचा टॉर्च धरा. गडद कापडात पांढरट, चमकणारे बारीक धागे दिसले तर तो रंग न चढलेला इलास्टेन आहे. म्हणजे वरचा नायलॉन त्याला नीट झाकत नाही, आणि उघडा पडलेला इलास्टेन ऊन, घाम आणि घासणं थेट सोसणार. नंतर शिलाई ताणा. शिलाईशेजारी सुईच्या भोकांत पांढरे ठिपके दिसले तर सुईने इलास्टेन तोडलाय. असे धागे ताणलेल्या रबरासारखे सटकन आत पळतात आणि शिलाईलगत एक मेलेली, लहरी पट्टी तयार होते. ती धुऊन बरी होत नाही, वाढतच जाते.

चौथी पायरी : अंगाचं माप आणि कापडाचं माप जुळवा

टाइट्स अंगापेक्षा लहान असते म्हणून ती पकडते. किती लहान, हे मोजता येतं. आता भाचीचा हिशेब.

तिच्या पोटरीचा घेर ३६ सेंटीमीटर आहे. नव्या टाइट्सची सपाट रुंदी १४, म्हणजे घेर २८. अंगावर चढवल्यावर २८ चे ३६ व्हायला कापड ८ सेंटीमीटर ताणलं जायचं. ८ भागिले २८, म्हणजे जवळपास २९ टक्के ताण. आता रुंदी १५, घेर ३०. कापडाला आता ६ सेंटीमीटरच ताणावं लागतं. ६ भागिले ३०, म्हणजे २० टक्के. कापड फक्त सात टक्क्यांनी वाढलं, पण ताण २९ वरून २० वर आला. जवळजवळ एक तृतीयांश पकड गेली. आणि हा फक्त मापाचा हिशेब झाला. मधल्या काळात इलास्टेनचे काही धागे तुटले किंवा कमजोर झाले असतील तर तेवढ्याच २० टक्क्यांत मिळणारा जोरही पूर्वीपेक्षा कमी असतो. "एकच सेंटीमीटर"चं गणित हे असं आहे.

म्हणून नवी टाइट्स आणल्यावर पोटरी, मांडीचा मध्य आणि कंबर या तीन जागी सपाट रुंदी मापून लिहून ठेवा. मात्र पहिल्या धुण्यानंतर मापा. यंत्रावर आणि गुंडाळीत ओढलेलं कापड पहिल्या पाण्यात थोडं आखडतं, त्यामुळे दुकानातून आणलेलं माप खरं नसतं. माझ्या मते पोटरीला २० ते ३० टक्के ताण असेल तर कॉम्प्रेशन म्हणावं. १० ते १५ टक्क्यांवर ती अंगाबरोबर बसणारी साधी लेगिंग असते. ३० च्या वर गेलं तर शिलाया आधी सुटतात आणि कापड लवकर थकतं. टाइट्स एक साइज लहान घेतली की जास्त टिकेल, हा समज उलटा आहे.

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्या. कापड सगळीकडे सारखंच ताणलं तरी दाब सगळीकडे सारखा पडत नाही. गोल जितका लहान, तितका त्याच ताणाचा दाब जास्त. २२ सेंटीमीटरच्या घोट्यावर जो दाब पडेल, त्याच्या अडीच पट कमी दाब ५४ सेंटीमीटरच्या मांडीवर पडतो. त्यामुळे घोट्याला टाइट्स करकचून लागते आणि मांडीला सैल वाटते, तेव्हा दोष कापडाचाच असेल असं नाही. चांगल्या टाइट्समध्ये मांडीचं कापड म्हणूनच जास्त ताणाचं किंवा वेगळ्या विणीचं ठेवतात. पायाच्या शिरा फुगल्या आहेत किंवा मधुमेह आहे म्हणून डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले असतील, तर ते मिलीमीटर पाऱ्यात दाब लिहिलेले वैद्यकीय मोजेच घ्यावेत. खेळाची टाइट्स त्यांची जागा घेऊ शकत नाही.

पाचवी पायरी : जोर कुठे जातो ते ओळखा

एक मार्ग अटळ आहे. दोन तास ताणून ठेवलेल्या इलास्टेनमध्ये काही कडक गाठी हळूहळू सरकतात. टाइट्स उतरवली की त्यातल्या बऱ्याचशा परत जागेवर येतात, पण त्याला वेळ लागतो. थोड्या मात्र कायमच्या सरकतात. एकच जोडी सलग रोज वापरली तर तिला परत यायला वेळच मिळत नाही. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही मिळून दुपटीपेक्षा जास्त चालतात असं मी पाहिलंय.

दुसरा मार्ग रसायनांचा. अंगाचं तेल, सनस्क्रीन आणि मालिशचं तेल इलास्टेनमध्ये शिरून त्याला फुगवतं आणि कमजोर करतं. कमरेचा पट्टा आणि मांडीचा आतला भाग आधी का सैल पडतो, त्याचं हे एक कारण. क्लोरीन तर साखळीच तोडतं. तरणतलावाचं पाणी आणि पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच, दोन्ही वाईट. रोज पोहणाऱ्यांनी इलास्टेन नसलेले, पॉलिस्टर आणि पीबीटी या थोड्या ताणणाऱ्या धाग्याच्या मिश्रणाचे पोशाख घ्यावेत. ते कमी पकडतात, पण क्लोरीनमध्ये कितीतरी जास्त टिकतात.

तिसरा मार्ग उष्णतेचा. कारखान्यात कापडाची रुंदी कायम करण्यासाठी ते साधारण १८० ते १९० अंशांच्या भट्टीतून काही सेकंद फिरवतात. त्या उष्णतेत इलास्टेनच्या गाठी सुटतात आणि कापडाच्या नव्या रुंदीला पुन्हा जमतात. मुद्दाम केलं तर ते उपयोगाचं. घरी तापलेली इस्त्री फिरवली तर तेच घडतं, पण गुडघ्याला फुगा आलेल्या, ताणलेल्या स्थितीत. म्हणून टाइट्सला इस्त्री कधीच करू नये. ड्रायर इतका तापत नाही, पण दर आठवड्याला तासभर गरम हवा मिळाली तर वरची सगळी झीज लवकर होते.

भाचीला विचारलं, धुतेस कशी? म्हणाली, गीझरच्या पाण्यात साबण घालून रात्रभर बादलीत, सकाळी पिळून गच्चीवर दोरीला. ओली टाइट्स कमरेला चिमटे लावून उन्हात टांगलेली. ओल्या कापडाचं सगळं वजन त्याला उभं खेचत होतं, वरून दुपारचं ऊन. तिचं माप उभ्या दिशेनेही वाढलं होतं. घोट्याशी चुण्या पडायला लागल्या होत्या त्या यामुळे.

सहावी पायरी : धुणं आणि वाळवणं

धावून आल्यावर टाइट्स बॅगेत किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात घामट पडू देऊ नका. लगेच धुणं जमत नसेल तर साध्या पाण्यातून काढून पसरून ठेवा. धुताना उलटी करा, म्हणजे तेल आणि घाम जिथे बसलाय तीच बाजू साबणाला मिळते आणि बाहेरची बाजू घासली जात नाही. पाणी नळाचं, फार तर ३० अंश. सौम्य लिक्विड साबण, तासाभराच्या आत काम संपवायचं. ब्रश लावायचा नाही, दगडावर आपटायचं नाही. मशीनमध्ये टाकायची असेल तर जाळीच्या पिशवीत, आणि चेन किंवा हुक असलेले कपडे सोबत नकोत. एक हुक अडकला तर टाका ओढला जातो आणि तिथून कापड सुटतं. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरून वाळायचं थांबतं.

पिळू नका. पंचावर पसरा, पंचासकट गुंडाळी करा, वरून दाबा, अर्ध्याहून अधिक पाणी निघून जातं. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी आडव्या काठीवर मधोमध टाका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात वाळायला दीड दिवस लागतो, तेव्हा पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर टाकलेली बरी. ओलसर घडी करून कपाटात मात्र ठेवू नका.

सातवी पायरी : निवृत्त कधी करायची

दोन महिन्यांतून एकदा मापा. धुऊन, वाळवून, एक पूर्ण दिवस विश्रांती दिल्यावर मापायचं. धावून आल्या आल्या मापलं तर परत येणारा भागही वाढीत धरला जातो आणि उगाच चांगली टाइट्स बाद होते. मूळ रुंदीपेक्षा वाढ ३ टक्क्यांच्या आत असेल तर काही करू नका. ५ च्या आसपास आली की ती जोडी लांब पल्ल्याला न वापरता छोट्या धावण्यासाठी ठेवा. ७ च्या पुढे गेली की कॉम्प्रेशन म्हणून तिचा उपयोग संपला. मापाशिवाय दोन खुणा आहेत. कापडातून केसासारखे कुरळे पांढरे तंतू बाहेर यायला लागले, किंवा मांडीवर लहरी उठलेले पट्टे दिसले, तर आत इलास्टेन तुटतोय. मग माप काहीही असलं तरी ती जोडी गेली. वैद्यकीय दाबाचे मोजे रोज वापरत असाल तर ते साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलायला सांगतात, तेही याच कारणाने.

भाचीची टाइट्स मी ताणून टॉर्चखाली धरली. शिलाया शाबूत होत्या, पांढरे तंतू नव्हते. म्हणजे इलास्टेन फारसा तुटला नव्हता, नुसता सरकला होता. ती आता पहाटेच्या थंडीत सैल पँटच्या आत घालते. नव्या जोडीची पहिल्या धुण्यानंतरची मापं तिने स्वतः वहीत लिहिली : पोटरी १४, मांडी २१.५, कंबर ३२. पुढे तारीख, आणि दोन महिन्यांनंतरच्या मापासाठी शेजारचा रकाना रिकामा.